गट एक, नावे चार

सातबारा उताऱ्यावर एका गट क्रमांकाखाली चार-पाच नावे असणे ही महाराष्ट्रात कोणालाच नवी गोष्ट नाही. वडील गेले, वारसनोंद झाली, की आई, भाऊ, बहिणी अशी सगळ्यांची नावे त्या एका गटावर चढतात. त्यांतल्याच एखाद्या भावाच्या नावावर गावात आणखी दोन ठिकाणी जमीन असते. कागदावर हे इतके सरावाचे आहे, की त्यात काही अवघड आहे असे कोणाला वाटत नाही. हीच माहिती संगणकात बसवायला घेतली, की मात्र बहुधा पहिल्याच आकृतीत चूक होते. शिवाय ती लगेच दिसत नाही. नोंदी वाढत जातात आणि एक दिवस क्षेत्राची बेरीज जुळेनाशी होते.

ही चूक होते कुठे, ओळखायची कशी आणि दुरुस्त कशी करायची, हे एका उदाहरणातून पाहू. समजा, एका गावातल्या विविध कार्यकारी सेवा सोसायटीला सभासदांच्या जमिनींची नोंद संगणकावर ठेवायची आहे. पीककर्ज किती मिळणार, हे सभासदाकडे क्षेत्र किती आणि त्यात पीक कोणते यावर ठरते. त्यामुळे क्षेत्राचा हिशोब बिनचूक हवा. उदाहरणातले गाव, गट आणि माणसे कल्पित आहेत. सातबारा, आठ-अ आणि फेरफार मात्र आपल्या ओळखीचेच.

दोन चौकटी आणि एक रेघ

माहितीसाठा उभारण्याआधी त्याचा नकाशा काढतात. ज्या गोष्टींची नोंद ठेवायची त्यांच्या चौकटी, आणि त्यांच्यातल्या नात्यांच्या रेघा. याला ईआर आकृती म्हणतात. पीटर चेन यांनी १९७६ साली एका शोधनिबंधात ही पद्धत मांडली. त्यांच्या आकृतीत नाते हे शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकोनात लिहिलेले असे आणि रेघेच्या टोकांवर १, एन, एम अशी खूण असे. आज जास्त चालते ती ‘कावळ्याचा पाय’ नावाची खूण: रेघेच्या ज्या टोकाला ‘अनेक’ असतील तिथे तीन बोटे फाकलेली, आणि ‘एक’ असेल तिथे नुसती आडवी रेघ. नात्याच्या प्रत्येक बाजूला किती जण असू शकतात, हे सांगणाऱ्या या खुणेलाच कार्डिनॅलिटी म्हणतात.

आपल्या सोसायटीचे काम घेतलेल्या तरुणाने दोन चौकटी काढल्या, ‘धारक’ आणि ‘गट’. त्याच्यासमोर पहिला उतारा होता गट क्रमांक २४५ चा. क्षेत्र ८० आर, म्हणजे हेक्टरचे चार-पंचमांश, आणि नाव एकच, थोरल्या भावाचे. त्याच भावाचे दुसरीकडेही क्षेत्र आहे हे सचिवांनी सांगितले. तरुणाने विचार केला: एका धारकाचे अनेक गट असू शकतात, म्हणून गटाच्या टोकाला कावळ्याचा पाय, गट ज्याचा त्याचा, म्हणून धारकाच्या टोकाला आडवी रेघ. ‘एकास अनेक’ असे नाते ठरले. त्याप्रमाणे `gat` या टेबलात गटाचा क्रमांक, क्षेत्र आणि `dharak_id` असे कॉलम आले. गटाच्या प्रत्येक ओळीत त्याच्या मालकाचा क्रमांक लिहायचा, झाले.

ही आकृती चुकीची आहे, पण का चुकली ते पाहण्यासारखे आहे. तरुणाने प्रश्न एकाच बाजूने विचारला. ‘एका धारकाकडे किती गट?’ याचे उत्तर त्याने नीट मिळवले. ‘एका गटावर किती धारक?’ हे त्याने कोणाला विचारलेच नाही. समोरच्या उताऱ्यावर एक नाव दिसले आणि त्याने ते गृहीत धरले. नाते दोन टोकांचे असते, म्हणून प्रश्नही दोन लागतात, आणि दोन्ही वेळा एका बाजूला ‘एक’ धरून दुसऱ्या बाजूला जास्तीत जास्त किती हे विचारायचे असते. हा प्रश्न सचिवांना विचारला असता तर त्यांनी गट क्रमांक ११२ चा उतारा पुढे केला असता.

गट क्रमांक ११२

या गटाचे क्षेत्र एक हेक्टर साठ आर, म्हणजे १६० आर. वडिलांच्या नावावर होता. ते गेले आणि आई, थोरला, धाकटा आणि बहीण अशा चौघांची नावे समान हिश्श्याने लागली. प्रत्येकाच्या वाट्याला ४० आर. `gat` टेबलात मात्र `dharak_id` ची जागा एकच. इथे आकृती न बदलता काम भागवण्याच्या तीन पळवाटा असतात, आणि तिन्ही प्रत्यक्षात सर्रास सापडतात.

पहिली पळवाट म्हणजे एकाच जागेत स्वल्पविराम देऊन चारही क्रमांक लिहिणे: `१७, २१, २२, २३`. मग धारक क्रमांक २ शोधायला गेलात तर साधा शोध २१, २२, २३ यांनाही पकडतो. धारकाच्या टेबलाशी जोड राहत नाही; क्रमांक ९९ असा अस्तित्वात नसलेला धारक लिहिला तरी संगणक हरकत घेत नाही. चौघांचा हिस्सा किती, हे लिहायला तर जागाच नसते.

दुसरी पळवाट म्हणजे `dharak1`, `dharak2`, `dharak3`, `dharak4` असे चार कॉलम करणे. पाचवा वारस निघाला की टेबलाची रचनाच बदलावी लागते. ‘थोरल्याचे गट कोणते’ हे विचारायचे तर चारही कॉलम धुंडाळावे लागतात आणि ज्या गटाला मालक एकच, तिथे तीन जागा रिकाम्या पडून राहतात.

तिसरी पळवाट सर्वांत निरुपद्रवी दिसते, आणि तीच सर्वांत घातक. गट ११२ ची ओळ चार वेळा लिहायची, प्रत्येक ओळीत एक धारक. शोध नीट चालतो, क्रमांक जुळतात, पडद्यावर सगळे ठीक दिसते. पण १६० हे क्षेत्रही चार वेळा लिहिले गेले. गावाच्या क्षेत्राची बेरीज केली की हा एकच गट ६४० आर भरतो. पुढे मोजणीत क्षेत्र १५८ आर निघाले आणि दुरुस्ती करताना एक ओळ राहून गेली, तर एकाच गटाची दोन क्षेत्रे टेबलात नांदू लागतात. खरे कोणते, हे टेबल सांगू शकत नाही.

जुना माहितीसाठा हाती आला आणि त्यात यांपैकी काही दिसले, तर समजावे की कोणीतरी ‘अनेकास अनेक’ नाते ‘एकास अनेक’ म्हणून काढले होते. स्वल्पविरामांनी भरलेला कॉलम, शेवटी १, २, ३ लावलेली कॉलमची नावे आणि एकाच वस्तूची पुन्हा पुन्हा आलेली ओळ, ही या आजाराची तीन लक्षणे.

नात्याचे स्वतःचे टेबल

पळवाटा चालत नाहीत याचे कारण टेबलाच्या मूळ रचनेत आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या ज्या पद्धतीवर आजचे बहुतेक माहितीसाठे उभे आहेत, त्यात एका ओळीच्या एका कॉलममध्ये एकच मूल्य असते. ‘एकास अनेक’ नाते या नियमात सहज बसते: ‘अनेक’ बाजूच्या प्रत्येक ओळीत ‘एक’ बाजूचा क्रमांक लिहिला की झाले. या क्रमांकाला फॉरिन की म्हणतात. पण दोन्ही बाजूंना ‘अनेक’ असतील तर तो क्रमांक लिहायचा कुठे? गटाच्या ओळीत लिहावा तर धारक चार. धारकाच्या ओळीत लिहावा तर गट तीन. दोन्ही टेबलांत त्याला जागा नाही.

म्हणून तिसरे टेबल करायचे. त्याची एक ओळ म्हणजे ‘हा धारक, या गटात’ एवढी एक जोडी. याला जंक्शन टेबल म्हणतात. आपण त्याला `dharana` म्हणू, म्हणजे धारणा.

```sql
CREATE TABLE dharana (
  gat_id    INTEGER NOT NULL REFERENCES gat(gat_id),
  dharak_id INTEGER NOT NULL REFERENCES dharak(dharak_id),
  ansh      INTEGER NOT NULL,
  chhed     INTEGER NOT NULL,
  PRIMARY KEY (gat_id, dharak_id)
);
```

`REFERENCES` या शब्दामुळे अस्तित्वात नसलेला गट किंवा धारक लिहायला संगणक नकार देतो. `ansh` आणि `chhed` म्हणजे हिश्श्याचे अंश आणि छेद. पाव हिस्सा असेल तर १ आणि ४. दशांशात लिहिले असते तर तीन भावंडांचे ०.३३ मिळून ०.९९ झाले असते आणि उरलेला शंभरावा भाग कोणाचा, हा वाद संगणकाने उगाच निर्माण केला असता.

हिस्सा या टेबलात आला, हे नीट लक्षात घेण्यासारखे आहे. पाव हिस्सा हा थोरल्या भावाचा गुण नाही, कारण दुसऱ्या गटात त्याचा हिस्सा वेगळा आहे. तो गट ११२ चाही गुण नाही. तो त्या दोघांच्या नात्याचा गुण आहे. आकृती तपासताना हाही एक खात्रीचा इशारा मानावा: एखादी माहिती कोणत्या चौकटीत ठेवावी हे ठरेना, दोन्हीकडे ती अर्धवटच बसते असे वाटू लागले, की त्या दोन चौकटींमधल्या रेघेला बहुधा स्वतःचे टेबल हवे असते.

आकृतीत आता काय बदलले? धारक आणि गट यांच्यातली थेट रेघ पुसली. मध्ये धारणेची चौकट आली आणि तिच्याकडे दोन रेघा आल्या, एक धारकाकडून, एक गटाकडून. दोन्ही रेघा ‘एकास अनेक’ आहेत. इथे नव्याने काम करणाऱ्यांचा हात हमखास चुकतो. जुन्या आकृतीत कावळ्याचे पाय धारक आणि गट यांना टेकलेले होते, म्हणून नव्या आकृतीतही ते तिथेच ठेवले जातात. ते उलटे हवेत. दोन्ही पाय धारणेच्या चौकटीला टेकले पाहिजेत, कारण एका गटाच्या धारणा अनेक, पण एका धारणेत गट एकच, धारकाचेही तसेच. पाय कुठे काढायचा असा गोंधळ झाला तर जंक्शन टेबलाची एक ओळ मोठ्याने वाचावी: ‘थोरला, गट ११२, एक-चतुर्थांश.’ ओळीत धारक एक आणि गट एक, म्हणून आडव्या रेघा त्यांच्या बाजूला.

दुसरी हमखास चूक म्हणजे जंक्शन टेबल केल्यावर `gat` मधला जुना `dharak_id` तसाच राहू देणे, ‘मुख्य धारक म्हणून असू दे’ असे म्हणून. मग एकाच प्रश्नाची दोन उत्तरे तयार होतात आणि कालांतराने ती वेगळी होतात. जुना कॉलम गेल्याशिवाय दुरुस्ती पुरी झाली असे म्हणता येत नाही.

महसुली कागदांशी ताडून पाहिले तर ही रचना ओळखीची वाटेल. सातबाऱ्यातला गाव नमुना सात जमिनीच्या बाजूने वाचायचा असतो: हा गट, त्यावर कोण कोण. आठ-अ खात्याच्या बाजूने वाचायचा: हे खाते, त्यात कोणकोणते गट. माहिती एकच, वाचण्याच्या दिशा दोन. कागदावर त्यासाठी दोन नमुने ठेवावे लागतात आणि दोन्ही जुळते ठेवण्याची मेहनत करावी लागते. `dharana` टेबलात ओळी एकदाच लिहिल्या जातात. `gat_id = 112` असे विचारले की सातबाऱ्यासारखी यादी मिळते आणि `dharak_id = 21` असे विचारले की आठ-अ सारखी.

तिसरा प्रश्न काळाचा

वर लिहिलेल्या टेबलात अजून एक चूक आहे. कार्डिनॅलिटी विचारताना ‘आज किती’ एवढेच विचारले, ‘आजवर किती’ हे राहिले.

गावातला आणखी एक गट घेऊ, क्रमांक ३१०, क्षेत्र ९० आर. तो थोरला भाऊ आणि शेजारी यांच्या नावावर निम्मा-निम्मा आहे. शेजाऱ्याने आपला निम्मा हिस्सा विकला आणि काही वर्षांनी तोच हिस्सा परत विकत घेतला, तर काय होईल? ‘शेजारी, गट ३१०’ ही जोडी दुसऱ्यांदा लिहावी लागेल. पण प्रायमरी की याच जोडीची आहे, आणि प्रायमरी कीचा अर्थच असा की ती जोडी टेबलात एकदाच येईल. संगणक दुसरी ओळ नाकारतो. मग काम उरकण्यासाठी कोणीतरी जुनीच ओळ बदलते आणि मधल्या वर्षांत जमीन दुसऱ्याकडे होती, हा इतिहास पुसला जातो.

दुसरे उदाहरण आणखी नेहमीचे. गट ११२ मधल्या बहिणीने थोरल्याच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले. थोरल्याचा पाव हिस्सा वारसाने आलेला, पाव हक्कसोडपत्राने. धारक तोच, गट तोच, पण हक्क दोन वेगळ्या मार्गांनी आलेले. एकाच ओळीत ते मिसळले तर पुढे त्यांतल्या एकावर वाद झाला की वेगळे करता येत नाहीत.

इथेही कागदाने वाट दाखवून ठेवली आहे. सातबाऱ्यावर नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो आणि हक्क संपला की ते नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात. म्हणजे प्रत्येक नोंदीला ती कोणत्या फेरफाराने आली हे चिकटलेले असते, आणि ती संपली असेल तर तेही दिसते. फेरफाराचा क्रमांक गावापुरता वेगळा असतो. तेच दोन कॉलम टेबलात आणायचे:

```sql
lagu_ferfar INTEGER NOT NULL,
band_ferfar INTEGER,
PRIMARY KEY (gat_id, dharak_id, lagu_ferfar)
```

`lagu_ferfar` म्हणजे ज्या फेरफाराने हक्क लागू झाला तो, `band_ferfar` म्हणजे ज्याने तो संपला तो. हक्क चालू असेपर्यंत ही जागा रिकामी. आता तीच जोडी वेगळ्या फेरफाराने पुन्हा येऊ शकते, पण एकाच फेरफाराने चुकून दोनदा लिहिली तर संगणक अडवतो. बहिणीच्या ओळीत `band_ferfar` भरला की तिला ‘कंस’ झाला, आणि थोरल्याची नवी ओळ त्याच फेरफाराने सुरू झाली.

जंक्शन टेबलाची की ठरवताना दोन क्रमांक एकत्र केले की पुरे, असे पुस्तकी उत्तर असते. ते तेव्हाच खरे, जेव्हा जोडी आयुष्यात एकदाच जुळते. म्हणून की ठरवण्याआधी विचारायचे: हीच जोडी पुन्हा येऊ शकते का, आणि आली तर दुसऱ्या वेळेला पहिल्यापासून वेगळे ओळखायचे कशाने? आपल्या बाबतीत ते उत्तर फेरफार क्रमांक आहे. काही जण प्रत्येक ओळीला आपला वेगळा अनुक्रमांक देतात आणि त्यालाच प्रायमरी की करतात. त्यात गैर काही नाही. पण मग या तीन कॉलमवर वेगळे `UNIQUE` बंधन घालायला हवे. ते विसरले तर एकच नोंद दोन वेगवेगळ्या अनुक्रमांकांनी दोनदा बसते आणि संगणक गप्प राहतो.

बेरीज कुठे फसते

आकृती बरोबर झाली तरी हिशोब चुकू शकतो. हक्कसोडपत्राच्या आधीची स्थिती घेऊन पाहू. तीन गट मिळून क्षेत्र होते १६० अधिक ८० अधिक ९०, म्हणजे ३३० आर. आता कोणी `gat` आणि `dharana` ही दोन टेबले जोडून `kshetra` या कॉलमची सरळ बेरीज केली, तर गट ११२ चार वेळा येतो, गट ३१० दोन वेळा, आणि बेरीज येते ६४० अधिक ८० अधिक १८०, म्हणजे ९०० आर. टेबले बरोबर आहेत, नोंदी बरोबर आहेत, चूक फक्त प्रश्नात आहे.

थोरल्याच्या कर्जाचा हिशोब करतानाही असेच होते. त्याचे नाव तिन्ही गटांवर आहे, म्हणून त्याच्या गटांचे क्षेत्र मिळवले तर ३३० आर. त्याचे खरे क्षेत्र म्हणजे पाव हिश्श्याचे ४०, पूर्ण गटाचे ८० आणि निम्म्याचे ४५, मिळून १६५ आर. बरोबर निम्मे. सोसायटीच्या कमाल मर्यादा पत्रकात ३३० गेले तर त्याला दुप्पट क्षेत्रावर कर्ज मिळेल, आणि त्याच जमिनीवर आई, धाकटा, बहीण आणि शेजारीही आपापला हक्क सांगतील.

नियम असा: एखाद्या गोष्टीचा आकडा जंक्शन टेबलाशी जोडल्यावर जितक्या ओळी तितक्या वेळा मोजला जातो. म्हणून बेरीज करताना क्षेत्राला हिश्श्याने गुणायचे.

```sql
SELECT d.dharak_id,
       SUM(g.kshetra * 1.0 * d.ansh / d.chhed) AS aar
FROM dharana d JOIN gat g ON g.gat_id = d.gat_id
WHERE d.band_ferfar IS NULL
GROUP BY d.dharak_id;
```

मधला `1.0` लहानसा आहे, पण आवश्यक. क्षेत्र पूर्णांकात असेल आणि हिस्सा भागताना पूर्णांकाला पूर्णांकाने भागले, तर अनेक माहितीसाठे दशांश भाग टाकून देतात. एक भागिले चार हे थेट शून्य होते. या प्रश्नाचे उत्तर सर्व धारकांसाठी मिळवले, की थोरला १६५, आई, धाकटा आणि बहीण प्रत्येकी ४०, शेजारी ४५, एकूण ३३०. गटांच्या टेबलातली स्वतंत्र बेरीजही ३३०. हे दोन आकडे जुळणे ही सगळ्या रचनेची परीक्षा आहे.

बंधन जे आपोआप येत नाही

जंक्शन टेबल खोट्या क्रमांकाला अडवते, दुहेरी नोंदीला अडवते. पण एका गटाचे सगळे हिस्से मिळून एक व्हावेत, हे ते स्वतःहून पाहत नाही. चौघांपैकी तिघांचीच ओळ भरली तरी टेबलाच्या दृष्टीने सगळे ठीक असते, कारण प्रत्येक ओळ एकेकटी बरोबर आहे. त्यासाठी वेगळी तपासणी चालवावी लागते: चालू नोंदी घ्यायच्या, गटवार हिश्श्यांची बेरीज करायची आणि जिथे ती एकाहून वेगळी येईल ते गट बाहेर काढायचे.

त्यातही एक फट राहते. ज्या गटाची धारणेत एकही ओळ नाही, तो या तपासणीत दिसतच नाही, कारण तपासणी धारणेच्या ओळींतूनच सुरू होते. आकृतीत आपण ‘प्रत्येक गटाला किमान एक धारक’ असे काढतो. कावळ्याच्या पायाशेजारची छोटी आडवी रेघ त्याचीच खूण असते. पण ती अट फॉरिन कीने अमलात येत नाही. म्हणून तपासणी `gat` टेबलापासून सुरू करून `LEFT JOIN` ने धारणेकडे जावे. जोड न मिळालेले गट मग रिकामी जागा घेऊन समोर येतात.

जुन्या नोंदी हलवताना

नवी आकृती काढणे सोपे. वापरात असलेला साठा तिच्यात आणणे हे खरे काम. इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी प्रत ठेवावी. मग `dharana` टेबल तयार करावे, पण `gat` मधला जुना कॉलम अजून काढू नये. ज्या गटांना खरोखर एकच धारक होता, त्यांची एकेक ओळ एक-एकांश हिश्श्याने आपोआप हलवता येते. त्यांचा फेरफार क्रमांक जुन्या साठ्यात नसतो, तो उताऱ्यावरून भरावा लागतो. शून्यासारखा बनावट क्रमांक टाकून पुढे गेले तर ते ‘तात्पुरते’ शून्य कायमचे राहते.

स्वल्पविरामाने लिहिलेले गट मात्र संगणकाने तोडता येतात, पण पुरे करता येत नाहीत. क्रमांक सुटे होतात, हिस्सा कुठून येणार? चार नावे आहेत म्हणजे प्रत्येकाला पाव, हे गृहीत धरणे ही नव्याने केलेली चूक ठरेल. एका भावाने दुसऱ्याचा वाटा घेतला असू शकतो. असे गट बाजूला काढून उतारा समोर ठेवून हाताने भरणे हाच मार्ग.

शेवटी तीन आकडे जुन्या आणि नव्या साठ्यात ताडावेत: गटांची संख्या, गटांच्या क्षेत्राची बेरीज आणि धारकांच्या क्षेत्राची बेरीज. पहिले दोन जुन्या साठ्यात आधीच चुकलेले असू शकतात, विशेषतः तिसरी पळवाट वापरली असेल तर. म्हणून खरा ताळा गावाच्या कागदांशी घ्यायचा. तो जुळला की मगच जुना `dharak_id` काढून टाकायचा.

कुठे थांबायचे

एकदा हे तंत्र हाती आले की प्रत्येक रेघेवर जंक्शन टेबल बसवण्याचा मोह होतो. गट आणि गाव यांच्यात ते नको. गट एकाच गावचा असतो, तिथे गटाच्या ओळीत गावाचा क्रमांक पुरेसा आहे. उगाच मध्ये टेबल घातले तर एक गट दोन गावांत असल्याची नोंदही साठा निमूटपणे घेईल, म्हणजे जी चूक अशक्य होती ती शक्य होईल.

पिकांचे मात्र खरेच ‘अनेकास अनेक’ आहे. एका गटात एका वर्षी सोयाबीन आणि तूर, आणि तीच पिके गावभर. नमुना बारा हेच नोंदवतो: गट, वर्ष, हंगाम, पीक, त्याखालचे क्षेत्र. ते वेगळे जंक्शन टेबल आहे. पीक `dharana` मध्येच घालावे असे वाटले, तर गट ११२ पाहावा. चार धारक आणि दोन पिके म्हणजे आठ ओळी होतील, आणि त्या वाचणाऱ्याला वाटेल की आईने तूरही लावली आणि सोयाबीनही. प्रत्यक्षात आपल्याला फक्त दोन वेगळ्या गोष्टी ठाऊक होत्या: गटावर कोण आहे आणि गटात काय पेरले आहे. कोणी काय पेरले हे ठाऊकच नव्हते. सोसायटीला कर्जासाठी तेच हवे असेल, तर ते सभासदाला विचारून मिळवावे लागेल, आणि मग धारक, गट, हंगाम, पीक अशा चौकडीचे आणखी एक टेबल होईल. दोन टेबले जोडून ही माहिती निर्माण होत नाही.

आकृती कागदावर तयार झाली की ती तपासण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सचिवांकडून गावातले सर्वांत गुंतागुंतीचे चार-पाच उतारे मागून घेणे: जिथे वारसांची रांग आहे, जिथे हक्कसोडपत्र झाले आहे, जिथे जमीन विकून परत घेतली आहे. प्रत्येक उताऱ्यातले प्रत्येक नाव आकृतीतल्या चौकटींत पेन्सिलीने भरून पाहावे. एकही नाव समासात लिहावे लागले नाही आणि एकही आकडा दोनदा लिहावा लागला नाही, तरच टेबले बांधायला घ्यावीत.